विश्लेषण : सरकारने घड्याळ थांबवले, पण संगणकाला ते सांगणार कोण?

लेबनॉनची राजधानी बैरूत येथे रविवार, २६ मार्च २०२३ रोजी सकाळी ‘किती वाजले?’ या प्रश्नाला दोन उत्तरे होती आणि दोन्हींमध्ये नेमका एक तासाचा फरक होता. विमानतळावरील फलकावर प्रत्येक उड्डाणापुढे दोन-दोन वेळा झळकत होत्या. काही वृत्तवाहिन्या एका घड्याळावर चालत होत्या, तर सरकारी कार्यालये दुसऱ्या. मोबाइल कंपन्यांनी ग्राहकांना फोनमधील आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून वेळ स्वतः लावण्याचा सल्ला दिला होता. हा सारा गोंधळ केवळ तीन दिवस आधी जाहीर झालेल्या एका निर्णयाचा परिणाम होता. सरकार एका परिपत्रकाने घड्याळ बदलू शकते. मात्र जगभरातील फोन, सर्व्हर आणि विमान कंपन्यांच्या आरक्षण यंत्रणांना तो बदल कळण्यासाठी एक वेगळीच साखळी काम करत असते. ती साखळी कशी चालते आणि घाईच्या निर्णयापुढे ती का कोलमडते, याचा हा आढावा.

लेबनॉनमध्ये नेमके काय घडले?

लेबनॉनमध्ये दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी मध्यरात्री घड्याळ एक तास पुढे सरकवतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. हिवाळ्यात तेथील वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा दोन तास पुढे असते, तर उन्हाळ्यात तीन तास. त्यानुसार २०२३ मध्ये २५ मार्चची रात्र संपताच उन्हाळी वेळ सुरू व्हायची होती.

मात्र गुरुवार, २३ मार्च रोजी काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी हा बदल २० एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत पुढे ढकलल्याची घोषणा केली. त्याच सुमारास रमजान महिना सुरू झाला होता. घड्याळ पुढे सरकले नाही तर उपवास घड्याळाच्या हिशेबाने एक तास आधी सुटेल, असा त्यामागील विचार होता. संसदेचे सभापती नबीह बेरी हे मिकाती यांना तसा आग्रह करत असल्याची चित्रफीतही नंतर बाहेर आली. या बदलाने विमानांच्या वेळापत्रकासारख्या अडचणी येतील, असे मिकाती यांनी त्यात सांगितल्याचे दिसते.

हा निर्णय मंत्रिमंडळाने घेतलेला नसल्याने तो बेकायदा आहे, अशी भूमिका अनेकांनी घेतली. मॅरोनाइट चर्च, शिक्षण मंत्रालय आणि एलबीसीआय व एमटीव्ही या वाहिन्यांनी ठरल्याप्रमाणे घड्याळ पुढे केले. अखेर सोमवार, २७ मार्च रोजी सरकारने माघार घेतली आणि बुधवारी, २९ मार्चच्या मध्यरात्री उन्हाळी वेळ सुरू होईल, असे सांगितले. म्हणजे पाच दिवसांत दोन घोषणा झाल्या आणि दोन्ही घोषणा लागू होण्याआधी तीन दिवसांहून अधिक अवधी कुणालाच मिळाला नाही.

संगणकाला स्थानिक वेळ कशी कळते?

संगणक आणि फोन इंटरनेटवरून आपले घड्याळ सतत जुळवून घेतात, मग सरकारी बदलही त्यांना तसाच का कळत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर असे, की इंटरनेटवरील वेळेच्या सर्व्हरकडून फक्त यूटीसी मिळते. या क्षणी बैरूतमध्ये भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले आहेत, हे तो सर्व्हर सांगत नाही. संगणकाच्या पोटातील घड्याळ यूटीसीवरच चालते. पडद्यावर स्थानिक वेळ दाखवायची वेळ आली, की संगणक आपल्याजवळच्या एका तक्त्यात पाहतो आणि त्या दिवशी यूटीसीमध्ये किती तास मिळवायचे, ते ठरवतो.

मोबाइलच्या टॉवरकडून स्थानिक वेळेचा संकेत मिळू शकतो; पण तो फक्त ‘आत्ता’पुरता असतो. पुढच्या मंगळवारची बैठक किंवा मागच्या महिन्याचे बिल यांच्या वेळा काढण्यासाठी फोनलाही तोच तक्ता लागतो. म्हणूनच घड्याळ सेकंदाच्या अंशापर्यंत अचूक असले, तरी तक्ता जुना असेल तर पडद्यावर दिसणारी वेळ पूर्ण एक तासाने चुकू शकते.

हा तक्ता कोण तयार करते?

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वापरला जाणारा हा तक्ता ‘टाइम झोन डेटाबेस’ किंवा ‘टीझेड डेटाबेस’ या नावाने ओळखला जातो. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात त्याची सुरुवात केली. सध्या पॉल एगर्ट त्याचे समन्वयक आहेत आणि २०११ पासून तो आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली प्रसिद्ध होतो. कोणत्या देशाने घड्याळ कधी बदलले आणि पुढे कधी बदलणार आहे, याची माहिती स्वयंसेवक कळवतात. ती तपासून साध्या मजकुराच्या ओळींमध्ये लिहिली जाते. लेबनॉनच्या उन्हाळी वेळेचा नियम त्यात असा आहे :

```
Rule Lebanon 1993 max - Mar lastSun 0:00 1:00 S
```

याचा अर्थ असा, की १९९३ पासून पुढे कायम, मार्चच्या शेवटच्या रविवारी, रात्री शून्य वाजता, हिवाळी वेळेत एक तास मिळवायचा. येथील `max` हा शब्द महत्त्वाचा आहे. तो ‘पुढची सूचना येईपर्यंत हेच चालू ठेवा’ असे सांगतो. संगणक दरवर्षी कुणाला न विचारता घड्याळ पुढे करतो तो याच आधारावर. एखाद्या वर्षी सरकारचे मन बदलले, तर ते आपोआप ओळखण्याची कोणतीही सोय या ओळीत नाही.

मिकाती यांची घोषणा होताच २३ मार्चलाच डेटाबेसची `2023b` ही नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात २०२३ या एका वर्षापुरता लेबनॉनचा बदल एप्रिलमध्ये ढकलला होता. म्हणजे तक्ता लिहिणाऱ्यांनी दिवस उलटण्याच्या आत काम पूर्ण केले. तरीही बैरूतमधील गोंधळ टळला नाही.

त्याच दिवशी बदल लिहूनही तो का पोहोचला नाही?

याचे कारण म्हणजे डेटाबेसची नवी आवृत्ती निघाली, तरी ती थेट कुणाच्या फोनमध्ये जात नाही. लिनक्सचे वितरक ती घेतात, तपासतात आणि आपल्या पॅकेजच्या रूपाने पाठवतात. मग सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीने ते पॅकेज बसवायचे असते. जावा या भाषेत लिहिलेले कार्यक्रम स्वतःची वेगळी प्रत बाळगतात, त्यामुळे मूळ संगणक अद्ययावत असला तरी त्यावर चालणारा जावा कार्यक्रम जुन्याच नियमावर राहू शकतो. मायएसक्यूएल या माहितीकोशातही टाइम झोनचे तक्ते स्वतंत्रपणे भरावे लागतात. विंडोजची तर टाइम झोनची स्वतःची वेगळी मांडणी आहे आणि तिचे बदल विंडोज अपडेटमधून येतात. अँड्रॉइड १० च्या आधीच्या फोनमध्ये तक्ता बदलण्यासाठी साधारणपणे संपूर्ण प्रणालीचेच अपडेट लागायचे. आता तो भाग वेगळा पाठवता येतो. पण जुन्या फोनला कंपनीकडून काहीच येत नाही.

याशिवाय अनेक कार्यक्रम सुरू होताना तक्ता एकदाच वाचतात आणि पुढे तोच स्मरणात ठेवतात. सहा महिने अखंड चालू असलेल्या सर्व्हरवर नवी फाइल येऊन पडली, तरी तो कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत जुन्याच नियमाने हिशेब करत राहतो. बँका किंवा रुग्णालयांमध्ये असा सर्व्हर केव्हाही बंद करता येत नाही. त्यासाठी वेळ ठरवावी लागते, चाचणी घ्यावी लागते. तीन दिवसांत, त्यातही शनिवार-रविवार धरून, हे सगळीकडे होणे अशक्य होते.

लेबनॉनच्या बाबतीत आणखी एक पेच होता. पंतप्रधानांचे मानायचे की आधीपासून ठरलेला नियम मानायचा, हा निर्णय प्रत्येक कंपनीला स्वतः घ्यावा लागला. डेटाबेसमधील टिपणानुसार गुगलने नव्या घोषणेप्रमाणे बदल केला, तर अ‍ॅपलने तिच्याकडे दुर्लक्ष केले. किमान एका बँकेने आपल्या दारावरच्या वेळेसाठी घोषणा पाळली आणि आतील संगणकांसाठी पाळली नाही.

आधीच ठरलेल्या भेटींचे काय होते?

आत्ताची वेळ चुकली तर ती निदान डोळ्यांना दिसते. खरा त्रास पुढच्या तारखांचा होतो, कारण ती चूक कॅलेंडरमध्ये दडून बसते. एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका कार्यालयाने २० मार्च रोजी बैरूतमधील ग्राहकाबरोबर ४ एप्रिलला, बैरूतच्या वेळेने सकाळी १० वाजता बैठक ठरवली, असे समजू. त्या दिवशीच्या तक्त्यानुसार ४ एप्रिलला लेबनॉनमध्ये उन्हाळी वेळ असणार होती. म्हणून सॉफ्टवेअरने तीन तास वजा करून ‘यूटीसी ७ वाजता’ अशी नोंद साठवली. पुण्यातील पडद्यावर त्यात साडेपाच तास मिळवून दुपारचे साडेबारा दिसले.

आता २३ तारखेची घोषणा झाली आणि नवा तक्ता बसला. साठवलेली नोंद ‘यूटीसी ७’ हीच राहिली. पण ४ एप्रिलला आता बैरूतमध्ये हिवाळी वेळच असणार असल्याने तिच्यात दोन तासच मिळवले जातील. परिणामी ग्राहकाच्या कॅलेंडरमध्ये १० ऐवजी ९ वाजताची बैठक दिसेल. ग्राहकाच्या मनात मात्र भिंतीवरच्या घड्याळातले १० पक्के आहेत. ते पाळायचे तर पुण्यातील मंडळींनी दुपारी दीड वाजता हजर राहायला हवे आणि त्यांच्या पडद्यावर मात्र साडेबाराच आहेत.

याच्या उलटही घडू शकते. २५ मार्चला, म्हणजे नवा तक्ता बसल्यावर, कुणी तशीच १० वाजताची बैठक नोंदवली, तर ती ‘यूटीसी ८’ म्हणून साठवली जाईल. दोन दिवसांनी सरकारने माघार घेतली आणि तक्ता पुन्हा बदलला, की तीच बैठक ११ वाजता दिसू लागेल. एकाच कॅलेंडरमध्ये काही नोंदी एक तास आधीच्या आणि काही एक तास नंतरच्या होण्याची ही तऱ्हा आहे.

यावरचा उपाय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. होऊन गेलेल्या घटनेची वेळ यूटीसीमध्ये साठवणे योग्यच आहे, कारण ती आता बदलणार नाही. पण माणसांनी पुढे भेटायचे ठरवलेले असेल, तर ‘४ एप्रिल, १० वाजता, `Asia/Beirut`’ अशी स्थानिक वेळ आणि ठिकाणाचे नाव साठवायला हवे. यूटीसीचा हिशेब दरवेळी ताज्या तक्त्यावरून करावा. तसे केले तर तक्ता बदलताच बैठक आपोआप योग्य जागी येते. सुरुवातीलाच यूटीसी काढून ठेवली, तर त्या दिवशीचा सरकारी नियम त्या नोंदीत कायमचा गोठतो.

घड्याळ हाताने मागे केले तर काय बिघडते?

तक्ता वेळेत आला नाही, तर अनेक जण फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ एक तास मागे करतात. पडद्यावरचा आकडा त्याने बरोबर दिसतो, पण आतला हिशेब चुकतो. बैरूतमध्ये रविवारी सकाळी यूटीसी ६ वाजले असताना जुना तक्ता असलेला फोन ९ दाखवत होता, असे धरू. वापरकर्त्याने ते ८ केले. फोनच्या तक्त्यानुसार मात्र अजूनही यूटीसीमध्ये तीन तासच मिळवायचे आहेत. त्यामुळे ‘स्थानिक वेळ ८, म्हणजे यूटीसी ५’ असे फोन समजतो. आता त्याचे मूळ घड्याळच एक तास मागे पडले.

याचा फटका लगेच बसतो. बँकेच्या किंवा ई-मेलच्या सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या, दर ३० सेकंदांनी नवा आकडा दाखवणाऱ्या अ‍ॅपचा हिशेब यूटीसीवर चालतो. एक तास चुकलेल्या फोनने दिलेला आकडा सर्व्हर नाकारतो. फाइल आणि छायाचित्रांवरच्या वेळाही चुकीच्या पडतात. त्यापेक्षा घड्याळ तसेच ठेवून टाइम झोन हाताने बदलणे सुरक्षित असते. बैरूतमध्ये त्या चार दिवसांसाठी वर्षभर यूटीसीपेक्षा दोन तास पुढे असणारे एखादे ठिकाण, उदाहरणार्थ दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग, निवडले असते, तर पडद्यावर सरकारी वेळ दिसली असती आणि आतील यूटीसीही शाबूत राहिली असती. मात्र फोन नंतर पुन्हा मूळ टाइम झोनवर आणण्याची आठवण ठेवावी लागते.

माघारीनंतर तक्त्यात कोणती वेळ नोंदवली गेली?

सरकारच्या माघारीनंतर डेटाबेसच्या संयोजकांपुढे अवघड प्रश्न होता. काटेकोर पाहिले, तर २६ ते २९ मार्च या काळात पंतप्रधानांच्या घोषणेनुसार हिवाळी वेळ होती आणि ३० मार्चपासून उन्हाळी. पण देशातील कितीतरी घड्याळे आणि संगणक २६ मार्चलाच पुढे गेले होते. लेबनॉनसाठी दोन वेगळे टाइम झोन करणे शक्य होते. त्यातून मात्र सुटण्यापेक्षा अधिक प्रश्न निर्माण झाले असते.

अखेर २८ मार्चला `2023c` ही आवृत्ती निघाली. तिच्यातील लेबनॉनचा नियम घोषणेपूर्वीच्या `2023a` सारखाच, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारचा ठेवण्यात आला. मंत्रिमंडळाचा १९९८ चा मूळ निर्णय प्रमाण मानला गेला आणि पंतप्रधानांची घोषणा केवळ टिपणाच्या रूपात राहिली. याचा एक व्यावहारिक फायदाही झाला. ज्या यंत्रांना `2023b` मिळालीच नव्हती, त्यांना काहीच करावे लागले नाही. ज्यांनी तत्परतेने ती बसवली होती, त्यांना मात्र पुन्हा धावपळ करावी लागली. नाही तर त्यांची घड्याळे २० एप्रिलपर्यंत एक तास मागे राहिली असती.

आजही त्या चार दिवसांची बैरूतची वेळ संगणकाला विचारली, तर तो उन्हाळी वेळच सांगतो. त्या दिवसांत सरकारी घड्याळानुसार हाताने लिहिलेली एखादी नोंद संगणकातील नोंदीशी ताडून पाहताना हा एक तास लक्षात घ्यावा लागेल.

आपला तक्ता जुना आहे, हे कसे ओळखावे?

लिनक्स किंवा मॅक संगणकावर `zdump` ही आज्ञा त्यासाठी उपयोगी पडते. ती एखाद्या ठिकाणी घड्याळ कधी बदलणार, हे आपल्याच संगणकातील तक्त्यावरून सांगते :

```
zdump -v Asia/Beirut | grep 2023
```

उत्तरात `Sun Mar 26 01:00:00 2023 EEST` असे दिसले, तर तक्ता मूळ नियमावर आहे. एप्रिलमधील तारीख दिसली, तर तो संगणक अजून `2023b` वर अडकलेला आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी हीच तपासणी कंटेनरमध्ये, तसेच जावा आणि माहितीकोश यांच्या स्वतःच्या प्रतींवरही वेगळी करायला हवी. एका ठिकाणी योग्य उत्तर आले म्हणजे सगळीकडे ते येईलच, असे नाही.

भारताला याची झळ का बसत नाही?

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळ तासभर पुढे ठेवले गेले होते. १९४५ मध्ये ते थांबले आणि तेव्हापासून `Asia/Kolkata` या नोंदीत बदल झालेला नाही. त्यामुळे आपल्याकडच्या फोनचा तक्ता कितीही जुना असला तरी भारतीय वेळ बरोबरच दिसते. मुंबईला मात्र दोन घड्याळांचा अनुभव आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यानंतरही शहरात ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती. पण तेव्हा प्रत्येक घड्याळ माणसाच्याच हाताने लावले जात होते. आता परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुणे-मुंबईतील कार्यालयांच्या सर्व्हरवर जगातील सगळे टाइम झोन असतात. भारताचे घड्याळ स्थिर असले, तरी त्यांचा तक्ता ताजा राहणे म्हणूनच गरजेचे ठरते.

किती आधी सांगणे पुरेसे?

वर्षभरापेक्षा कमी मुदत दिली, तर काही संगणकांची घड्याळे चुकण्याची शक्यता बरीच असते आणि मुदत जितकी कमी तितकी ती वाढते, असे डेटाबेसचे संयोजक सरकारांना सांगत आले आहेत. लेबनॉनचा प्रकार एकमेव नाही. मोरोक्कोने २०१८ मध्ये उन्हाळी वेळच कायम ठेवण्याचा निर्णय २६ ऑक्टोबरला घेतला, तेव्हा घड्याळे मागे जाण्यास अवघे दोन दिवस उरले होते. त्याआधी इजिप्तने २०१६ मध्ये उन्हाळी वेळ सुरू होण्याच्या तीन दिवस आधी ती रद्द केली. दोन्ही वेळी नवा तक्ता एका दिवसाच्या आत तयार होता. तो लिहायला काही तास पुरतात. जगभरातल्या यंत्रांमध्ये झिरपायला मात्र आठवडे आणि महिने लागतात आणि ती मुदत कोणत्याही सरकारी आदेशाने कमी होत नाही.